साडेबाराची केस

आधी पोस्ट वाचा. नाव काढून टाकलं आहे, बाकी शब्द जसेच्या तसे आहेत.

"आमच्या टीममधील अत्यंत मेहनती, मनमिळाऊ आणि हरहुन्नरी सहकारी ... यांची क्यूए लीड या पदावर बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! जिद्द, चिकाटी आणि समर्पण यांच्या जोरावर आपण हे यश संपादन केले आहे. कामाप्रती असलेली आपली निष्ठा आम्हा सर्वांसाठी प्रेरणादायी आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा. आपली अशीच उत्तरोत्तर प्रगती होत राहो!"

ही पोस्ट मी लिहिली आहे. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ च्या आसपास आमचं ऑफिस आहे. तिथून सुटल्यावर स्टेशनच्या शेअर रिक्षात बसून, तीन हात नाक्याचा सिग्नल सुटायच्या आत लिहून झाली. मॅनेजर म्हणाला होता, "तूच लिही, चार वर्षं तू तिच्यासोबत काम केलंयस. टीमच्या ग्रुपवर टाक आणि तुझ्या लिंक्डइनवरही टाक." मी लिहिली. पाठवायच्या आधी एकदा वाचली आणि बोट थांबलं. एकाही शब्दात चूक नव्हती, आणि चार वर्षांतला एकही दिवस त्यात नव्हता.

परीक्षण सहसा दुसऱ्याच्या लिखाणाचं करतात. मी इथे माझ्याच पाच ओळींचं करतो आहे. अशी पोस्ट आपण सगळे महिन्यातून दोनदा तरी लिहितो किंवा वाचतो, पण तिच्याकडे लिखाण म्हणून कधी बघत नाही.

सुरुवात सोप्या चाचणीने करू. पोस्टमधलं नाव बदला. मी तिच्या जागी आमच्या बॅकएंडच्या मुलाचं नाव टाकून पाहिलं, मग एचआरमधल्या एकाचं, मग ऑफिसात चहा आणून देणाऱ्या काकांचं. पोस्ट प्रत्येक वेळी तितकीच खरी राहिली. पदाचं नाव तेवढं बदलावं लागलं. आम्ही कोडमध्ये ज्याला व्हेरिएबल म्हणतो, तसं नाव होतं ते. बाकी सगळं आधीच लिहून ठेवलेलं.

मग दुसरी चाचणी केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. या वेळी लिहिणाऱ्याचं नाव बदललं. ही पोस्ट मॅनेजरने लिहिली असती, तिच्याशी एकदाही न बोललेल्या माणसाने लिहिली असती, तरी एक शब्द बदलला नसता. म्हणजे तीही त्यात नव्हती आणि मीही नव्हतो. अभिनंदन दोन माणसांमध्ये घडतं. इथे दोघंही गैरहजर होती.

तिसरी चाचणी जरा क्रूर आहे. प्रसंगच बदलून टाका. "अत्यंत मेहनती, मनमिळाऊ, हरहुन्नरी" हे शब्द बढतीला चालतात, निवृत्तीच्या निरोपाला चालतात आणि पेपरातल्या श्रद्धांजलीलाही चालतात. मनमिळाऊ हा तर मराठीत मेलेल्या माणसाला हमखास मिळणारा शब्द आहे. जिवंत, एकोणतीस वर्षांच्या, सोमवारी सकाळी माझ्या कोडवर सात बग टाकणाऱ्या मुलीला मी तो लावला होता. आणि ती मनमिळाऊ नाहीही. ती स्पष्ट बोलते, आणि तिच्याशी भांडून झाल्यावर बरं वाटतं. ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी विशेषण नाही.

हे शब्द येतात कुठून? रिक्षाच्या बाहेरच होते. तीन हात नाक्यापासून किसन नगरपर्यंत फ्लेक्स वाचत जा, माझी पोस्ट तुम्हाला तुकड्या-तुकड्यांनी सापडेल. निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ज्याचं अभिनंदन आहे त्याचा फोटो मधोमध असतो. खाली "शुभेच्छुक" म्हणून दहा-पंधरा चेहरे, आणि त्यातला एखादा मधल्या फोटोशी स्पर्धा करण्याइतका मोठा. फ्लेक्सवरचा मजकूर कुणी वाचत नाही, आणि तो लावणाऱ्यालाही वाचला जावा असं वाटत नसतं. त्याचं काम चेहऱ्यांमधली जागा भरण्याचं असतं. फ्लेक्स सांगतो की अमुक माणूस तमुक माणसाच्या बाजूने उभा आहे. त्या कामाला तो पुरेसा आहे, म्हणून फ्लेक्सला मी नावं ठेवणार नाही. पण मी फ्लेक्सची भाषा उचलली, तेव्हा त्याच्यासोबत त्याचं कामही आलं. माझी पोस्टसुद्धा एवढंच सांगत होती की मी शुभेच्छुकांच्या रांगेत उभा आहे.

साच्यातलं अभिनंदन ही मोबाइलने आणलेली गोष्ट नाही. तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ती चालू होती तेव्हा शुभेच्छांच्या तारेसाठी टपाल खात्याने वाक्यं ठरवून ठेवली होती आणि त्यांना क्रमांक दिले होते. लग्नाच्या शुभेच्छांचा क्रमांक ८ होता. पाठवणारा क्रमांक सांगायचा, तारेवरून तेवढाच जायचा आणि पलीकडच्या कार्यालयात त्याचं पूर्ण वाक्य व्हायचं. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या लग्नात आलेल्या कित्येक तारांमध्ये अक्षरशः एकच वाक्य होतं. तरी लोकांनी त्या तारा ट्रंकेत जपून ठेवल्या.

का जपल्या, याचा विचार केल्यावर माझ्या पोस्टची अडचण कळली. त्या तारेत ऊब शब्दांची नव्हती. कुणीतरी तार ऑफिसपर्यंत चालत गेलं होतं, रांगेत उभं राहिलं होतं, पैसे मोजले होते. लग्नाची तारीख लक्षात ठेवून दोन दिवस आधी निघालं होतं. वाक्य क्रमांक ८ चं असलं तरी धडपड त्या माणसाची होती, आणि ती कागदाबरोबर पोचत होती. आज लिंक्डइन मला स्वतःहून सांगतं की अमक्याला नवी जबाबदारी मिळाली, अभिनंदनाचं तयार वाक्यही पुढे करतं आणि मी फक्त बोट टेकवायचं असतं. तारीख लक्षात ठेवायची नाही, चालायचं नाही, पैसे नाहीत. धडपड शून्यावर आल्यावर पोचवण्यासारखं उरतं ते फक्त वाक्य. आणि ते अजून क्रमांक ८ चंच आहे.

यातून तयार वाक्य नेहमी वाईट असतं असा अर्थ काढू नये. ज्याच्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख आहे, त्याला "अभिनंदन!" एवढंच लिहावं. ते प्रामाणिक आहे, जेवढी ओळख तेवढा शब्द. खोटेपणा येतो तो लांबीतून. पाच ओळी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं पाच ओळींचं काहीतरी आहे. मग त्या ओळींत काहीच सापडलं नाही की एका शब्दाच्या अभिनंदनापेक्षा जास्त थंड वाटतं. माझ्यासमोर दोनच मार्ग होते. एका शब्दावर थांबायचं, नाहीतर पाच ओळींचं खरंच काहीतरी सांगायचं.

सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. ते काय होतं हे कळलं की पहिला मसुदा तसा का झाला, तेही कळेल.

आमचं सॉफ्टवेअर दुकानांच्या विक्रीच्या नोंदी ठेवतं आणि महिन्याअखेर अहवाल काढतं. दीड वर्षापूर्वी एका ग्राहकाच्या हिशेबनिसाने तक्रार केली की महिन्याची बेरीज त्यांच्या वहीशी जुळत नाही. फरक फार थोडा होता. पैसे पूर्णांकात करताना राहिला असेल, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते बाजूला ठेवलं. ती तेव्हा टेस्टर होती. तिने एका महिन्याच्या १ तारखेला रात्री साडेबारा वाजता सिस्टीममध्ये स्वतः एक नोंद केली, आणि सकाळी ती अहवालात शोधली. नोंद चालू महिन्यात नव्हती. मागच्या महिन्यात होती.

कारण साधं होतं. आमचा सर्व्हर युटीसी या जागतिक वेळेवर चालतो. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे १ तारखेचे रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे सात असतात. अहवालाचा कोड सर्व्हरची तारीख बघून महिना ठरवत होता. त्यामुळे १ तारखेला मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत झालेली प्रत्येक विक्री मागच्या महिन्यात जाऊन बसत होती. त्या वेळात फारशी दुकानं उघडी नसतात, म्हणून फरक थोडा होता. रात्रभर चालणारी औषधांची दुकानं होती, त्यांचाच हिशेब चुकत होता. आमच्या चाचण्यांत हे कधीच सापडलं नसतं, कारण चाचणीसाठी बनवलेल्या सगळ्या नोंदींची वेळ आम्ही सवयीने दुपारी बाराची टाकायचो.

तो कोड माझा होता.

रिक्षात पोस्ट लिहिताना "मेहनती" आणि "हरहुन्नरी" इतक्या सहज का सुचले, याचं उत्तर इथे आहे. तिच्याबद्दल खरं काही सांगायचं तर ही गोष्ट सांगावी लागली असती, आणि तिच्यात मी चुकलेला होतो. साच्याकडे आपण आळसाने जातो असं म्हणतात. माझ्या बाबतीत आळस थोडा होता. बाकीचं लपणं होतं. विशेषणांत प्रसंग नसतो, आणि प्रसंग नसला की त्यात मी कुठे उभा होतो हे कुणी विचारत नाही. तुम्हाला कुणाबद्दल लिहिताना सलग तीन विशेषणं सुचली, तर त्यांच्यामागे कुठला प्रसंग राहून गेला ते एकदा बघा. कधी तो लक्षात नसतो. कधी तो नको असतो.

घरी गेल्यावर दुसरा मसुदा लिहिला. आता मी जोशात होतो.

"आमच्या टीमची खरी हिरो! गेल्या वर्षी बिलिंगमध्ये गंभीर चूक होती, तेव्हा तिने एकटीने रात्रभर जागून ती शोधली आणि कंपनीला मोठ्या नामुष्कीतून वाचवलं. घर सांभाळून एवढं काम करणारी मुलगी मी पाहिली नाही. हे प्रमोशन तिला खूप आधीच मिळायला हवं होतं. अभिनंदन!"

हा पहिल्यापेक्षा गरम आहे. त्यात प्रसंगही आहे. ठरावीक सल्ला असा असतो की एक प्रसंग घाला, झालं. मलाही झालं असंच वाटलं होतं. सुदैवाने टाकण्याआधी मी तो तिला पाठवला. हे करावं की करू नये यावर दोन मतं आहेत. अभिनंदन अचानक मिळण्यात मजा असते, हे खरं आहे. पण सगळ्यांसमोर तिच्या नावाने एखादी घटना सांगायची असेल, तर ती घटना जितकी माझी तितकीच तिची आहे. मी विचारलं. तिचं उत्तर पंधरा मिनिटांनी आलं, मुद्द्यांच्या यादीसारखं, जशी ती बग लिहिते तसंच.

पहिला मुद्दा: "रात्रभर जागले नव्हते. साडेबाराला एंट्री केली आणि झोपले. जागले असं लिहू नकोस. पुढच्या वेळी सगळ्यांनी जागावं अशी अपेक्षा करतील."

दुसरा: "एकटीने नाही. सपोर्टच्या मुलाने त्या हिशेबनिसाचा फोन तीन वेळा घेतला आणि तीन वेळा आपल्याला सांगितलं. आपण ऐकलं नाही. त्याला घाल."

तिसरा: "घर सांभाळून? मी भाड्याच्या खोलीत राहते, डबा लावलाय. कुठलं घर?"

चौथा: "खूप आधी मिळायला हवं होतं, हे खरंय. पण हे तू लिहिलंस की माझ्या बॉसला वाटणार मीच लिहायला सांगितलंय."

चारही मुद्दे वाचून मी आधी हसलो, मग मसुदा परत उघडला. सगळ्यात वाईट गोष्ट अशी होती की तपशील मी आणले होते, पण ते गोष्टींच्या साच्यातून आणले होते. रात्रभर जागणारा, एकट्याने लढणारा, शेवटच्या क्षणी वाचवणारा माणूस प्रत्येक ऑफिसच्या कौतुकात असतो. बाई असेल तर तिच्या हातात घरही दिलं जातं. मी विशेषणांचा साचा टाकून कथेचा साचा उचलला होता. तो जास्त धोकादायक होता, कारण तो खरा वाटत होता. "मेहनती" कधी चुकू शकत नाही, म्हणून तो सुरक्षित असतो. "रात्रभर जागून" चुकू शकतं, आणि इथे चुकलं होतं. नेमकं लिहायचं तर तपासून घ्यावं लागतं. तपासलेलं नेमकेपण आणि रचलेलं नेमकेपण पानावर सारखंच दिसतं. फरक फक्त जिच्याबद्दल लिहिलं तिला कळतो. आणि पोस्ट तिच्यासाठी असते.

दुसऱ्या मुद्द्यावर मी थोडा थांबलो. अभिनंदनाच्या पोस्टमध्ये तिसऱ्या माणसाचं नाव आलं तर तिचं श्रेय कमी होईल, असं मला वाटत होतं. झालं उलटं. सपोर्टच्या मुलाने तीनदा सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, हे लिहिल्यावर तिने काय केलं ते पहिल्यांदा नीट दिसलं. तिने ऐकलं. चूक शोधण्याआधी तिने एका फोनवर विश्वास ठेवला होता. माझ्या मसुद्यात ती एकटी हिरो होती तोवर हे दिसतच नव्हतं.

तिसऱ्या मसुद्याआधी आणखी एक गाठ सोडवायची होती. टीमच्या ग्रुपवर चौदा जण होते, त्यांना सगळं माहीत होतं. लिंक्डइनवर ग्राहक होते, स्पर्धक होते, एचआर होतं. आमच्या उत्पादनात चूक होती आणि औषधाच्या दुकानांचे हिशेब चुकले होते, हे मी जाहीरपणे लिहिणं नोकरीच्या करारात बसत नव्हतं. अशा ठिकाणी बहुतेक लोक परत साच्याकडे वळतात. नेमकं लिहिता येत नाही, म्हणून मोघम लिहितात. मी तपशिलांची छाननी केली. कुठला तपशील कंपनीचा आहे आणि कुठला तिचा? बिलिंग, ग्राहक, चुकलेली बेरीज हे कंपनीचं. रात्रीचे साडेबारा तिचे. "१ तारखेला रात्री साडेबाराला केलेली नोंद कुठल्या महिन्यात मोजायची" हा प्रश्न जगातल्या कुठल्याही सिस्टीमला विचारता येतो, त्यात कुणाचं गुपित नाही. सिस्टीम काढून टाकली आणि सवय ठेवली. सवय हीच तिची होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही.

मग भाषा. पहिल्या मसुद्यात ती "आपण" होती आणि तिची "बढती" झाली होती. आमच्यात कुणी तिला आपण म्हणत नाही, आणि बढती हा शब्द कार्यालयीन आदेशात राहतो. आमच्याकडे प्रमोशन होतं. पण लिंक्डइनवर थेट "तू" लिहिणंही मला जमेना. अनोळखी लोकांसमोर, एका मुलीला, एका मुलाने तू म्हणणं म्हणजे जवळीक मिरवण्यासारखं वाटत होतं. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, कदाचित म्हणूनही आपण अशा पोस्ट इंग्रजीत टाकून मोकळे होतो. मराठीत पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं की हे माणूस तुमचं कोण. मी शेवटी गोष्ट "तिने" अशी सांगितली आणि फक्त शेवटची ओळ तिच्याकडे वळून "तू" अशी लिहिली. "त्यांनी" लिहिलं असतं तर तिने मला आठवडाभर "अहो" म्हणून हाक मारली असती.

"हार्दिक" काढला. तो हृदयावरून आलेला शब्द आहे, पण इतक्या फ्लेक्सवर इतकी वर्षं टांगलेला राहिल्यावर त्यात हृदय ऐकू येत नाही. "अभिनंदन" ठेवला. तो कितीही वापरला तरी झिजत नाही, कारण त्याच्याकडून आपण वर्णनाची अपेक्षा करत नाही, तो फक्त हात पुढे करतो. जागा मात्र बदलली. सुरुवातीला होता तो शेवटी नेला. लिंक्डइन पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दाखवतं, बाकी वाचायला बोट लावावं लागतं. त्या ओळी "आनंदाने कळवत आहोत" यात घालवल्या तर पुढे कुणी येत नाही. शिवाय आधी गोष्ट आणि मग अभिनंदन आलं, की अभिनंदन कशाबद्दल ते वाचणाऱ्याला माहीत असतं.

तिसरा मसुदा असा झाला:

"१ तारखेला रात्री साडेबारा वाजता केलेली नोंद कुठल्या महिन्यात मोजायची? आमच्या टीममध्ये हा प्रश्न पहिल्यांदा ... हिने विचारला. सपोर्टमधला आमचा सहकारी काहीतरी जुळत नाही असं सांगत होता आणि आम्ही मान हलवत होतो. तिने मान हलवली नाही. रात्री स्वतः एक नोंद केली, झोपली आणि सकाळी ती शोधली. उत्तर चुकीचं होतं, आणि तो कोड माझा होता. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही नवीन काम साडेबाराची केस पास झाल्याशिवाय पुढे जात नाही. आता ती क्यूए लीड झाली आहे, म्हणजे हा प्रश्न ती आणखी चार टीमना विचारेल. त्यांना माझ्या शुभेच्छा. तुझं अभिनंदन."

आता त्याच तीन चाचण्या. तिचं नाव बदललं तर पोस्ट खोटी होते. माझं नाव बदललं तरी खोटी होते, कारण "तो कोड माझा होता" हे वाक्य दुसरा कुणी लिहू शकत नाही. प्रसंग बदलला तर काय होतं? निवृत्तीला चालणार नाही. श्रद्धांजलीला तर नाहीच. "उत्तर चुकीचं होतं, आणि तो कोड माझा होता" ही ओळ मी सर्वांत शेवटी लिहिली. लिंक्डइनच्या मसुद्यात ती ठेवावी की नाही, यावर मी रात्रभर नाही, पण अर्धा तास नक्कीच घालवला. सिस्टीम कुठली ते पोस्टमध्ये नव्हतं, म्हणून कंपनीला धक्का नव्हता. धक्का मलाच होता. ती काढली असती तर पोस्ट नीटनेटकी राहिली असती, पण मग ही गोष्ट मला कशी माहीत, हे वाचणाऱ्याला कळलं नसतं.

परीक्षण करतोच आहे तर उणिवाही सांगतो. "त्यांना माझ्या शुभेच्छा" हा विनोद आहे, आणि अभिनंदनात विनोद ही मराठी माणसाची ढाल असते. गळा भरून आला की आपण टोमणा मारतो. मला ती ओळ अजून खटकते, पण काढली तर शेवट फ्लेक्ससारखा होत होता. दुसरं असं की, एक प्रसंग निवडला की चार वर्षांतले बाकीचे मागे राहतात. नवीन आलेल्या मुलांना ती पहिल्या आठवड्यात कोड न दाखवता आधी ग्राहकाचे फोन ऐकायला बसवते. ते यात नाही. ते घालायला गेलो असतो तर दोन्ही अर्धी राहिली असती, आणि दोन अर्ध्या गोष्टी जोडायला मला परत "मेहनती" लागला असता.

हे दरवेळी जमणार नाही, हेही मान्य करतो. ज्याच्यासोबत मी चार महिने काम केलं त्याच्यासाठी माझ्याकडे साडेबाराची केस नाही. त्याला मी आता "अभिनंदन!" एवढंच लिहितो आणि ओळ वाढवत नाही.

पोस्ट टाकली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. लिंक्डइनवर खाली पन्नासेक लोकांनी अभिनंदन लिहिलं, बहुतेकांनी तयार वाक्य टेकवून, आणि त्यात काही बिघडलं नाही. टीमच्या ग्रुपवर सपोर्टच्या मुलाने लिहिलं, "तीन वेळा नाही, चार वेळा सांगितलं होतं." तिने त्याच्या मेसेजवर अंगठा टाकला आणि मला वेगळा मेसेज केला.

"पोस्टची तारीख बघ," असं लिहिलं होतं. "लिंक्डइनने कुठल्या टाइमझोनची धरलीय?"